रिकाम्या चौकटी काय सांगतात

क्रिकेटचा हंगाम संपला की जिल्हा संघाच्या निवडीत प्रश्न फिरून फिरून तेच येतात. हा फलंदाज कुणाविरुद्ध चालला, कुठल्या मैदानावर चालला आणि कोणत्या महिन्यात चालला? नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रात येतात. तिथल्या स्कोअररच्या वहीत या प्रश्नांना लागणारी सगळी माहिती असते, फक्त ती सामन्यांच्या क्रमाने लिहिलेली असते. एक्सेलमधले पिव्हट टेबल हा क्रम मोडून तीच माहिती प्रतिस्पर्धी, मैदान आणि महिना यांनुसार काही सेकंदांत मांडून देते. त्यामुळे ते म्हणजे झटपट बेरजा करणारे यंत्र, असा समज पक्का झाला आहे. या प्रकरणात मी वेगळे म्हणणे मांडणार आहे. हंगामाच्या आकडेवारीत पिव्हट टेबलचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्यातल्या रिकाम्या चौकटी. आपल्या माहितीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर निघू शकते आणि कोणत्या प्रश्नाचे निघूच शकत नाही, हे बेरजेपेक्षा त्या चौकटी अधिक स्पष्ट सांगतात.

हे तपासण्यासाठी असा हंगाम हवा, ज्याचे आकडे कुणालाही पडताळून पाहता येतील. म्हणून महाराष्ट्राच्याच एका फलंदाजाचा गाजलेला हंगाम घेऊ: ऋतुराज गायकवाड, आयपीएल २०२१. चेन्नई सुपर किंग्जकडून सलामीला येऊन त्याने १६ डावांत ६३५ धावा केल्या, ऑरेंज कॅप मिळवली आणि त्याच्या संघाने विजेतेपद पटकावले. आपल्या कामासाठी या हंगामात आणखी एक वैशिष्ट्य आहे. ९ एप्रिलला भारतात सुरू झालेली ही स्पर्धा कोरोनामुळे ४ मे रोजी थांबवावी लागली आणि १९ सप्टेंबरला संयुक्त अरब अमिरातीत पुन्हा सुरू झाली. एकाच हंगामाचे असे दोन तुकडे पडल्यामुळे मैदान आणि महिना यांची गुंतागुंत त्यात लख्ख दिसते.

पिव्हट टेबल करण्याआधी मूळ यादी नीट लागते आणि बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात. नियम एकच: एक डाव म्हणजे एक ओळ आणि एका स्तंभात एकाच प्रकारची गोष्ट. `Date`, `Opponent`, `Venue`, `Runs`, `Balls`, `Out` आणि `Inns` एवढे सात स्तंभ पुरतात. `Out` मध्ये फलंदाज बाद झाला असेल तर १, नाबाद असेल तर ०. `Inns` मध्ये प्रत्येक ओळीत १. बाद-नाबादसाठी वेगळा स्तंभ कशाला, असे वाटेल. स्कोअरबुकात आपण नाबाद धावांपुढे फुली किंवा तारा काढतो आणि तोच हात एक्सेलमध्येही चालतो. पण `88*` असे टाइप केले की एक्सेलच्या लेखी ती संख्या राहत नाही, मजकूर होतो. मग `Runs` हे फील्ड बेरजेसाठी ओढले तर एक्सेल आपणहून `Count of Runs` दाखवते आणि उत्तर येते १६. ते बदलून `Sum` केले तरी मजकुराच्या चौकटी शून्य धरल्या जातात. गायकवाडचे या हंगामातले दोन नाबाद डाव ८८ आणि १०१ धावांचे होते. ते दोन्ही गळाले की ६३५ ऐवजी ४४६ उरतात. म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या दोन खेळीच हिशेबातून जातात. हीच चूक प्रत्येक फलंदाजाच्या बाबतीत नेमकी नाबाद खेळींवर घाव घालते. म्हणून पहिली पडताळणी हीच: पिव्हटमधली एकूण बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळते का?

दुसरा सापळा तारखेचा. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर एक्सेल आधी महिना आणि मग दिवस वाचते. १० एप्रिल २०२१ ला गायकवाड दिल्ली कॅपिटल्सविरुद्ध ५ धावांवर बाद झाला. ती तारीख आपण `10/04/2021` अशी लिहिली तर एक्सेल तिला ४ ऑक्टोबर समजते. या हंगामात ४ ऑक्टोबरलाही चेन्नईचा सामना होता आणि तोही दिल्लीविरुद्धच. म्हणजे एप्रिलमधला डाव ऑक्टोबरमध्ये जाऊन बसतो, ऑक्टोबरमधला एप्रिलमध्ये येतो आणि पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. `16/04/2021` मध्ये मात्र सोळावा महिना नसल्यामुळे ती तारीख मजकूर म्हणूनच पडून राहते. या सोळा डावांपैकी दहा तारखा अशा मजकूर होतात, पाच चुकीच्या महिन्यात जातात आणि फक्त १० ऑक्टोबर ही एकच बरोबर राहते. हे ओळखायची खूण सोपी आहे. स्तंभाची मांडणी हाताने बदलली नसेल तर खऱ्या तारखा चौकटीत उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. एकाच स्तंभात दोन्ही बाजू दिसल्या तर थांबावे. महिन्यांचे गट करताना `Cannot group that selection` हा संदेश आला तरी संशय याच स्तंभावर घ्यावा. विंडोजमध्ये प्रादेशिक मांडणी भारताची निवडून मगच तारखा भरणे हा खात्रीचा उपाय आहे. नंतर दुरुस्ती करताना मजकूर राहिलेल्या तारखा लगेच सापडतात, चुकीच्या महिन्यात गेलेल्या मात्र एकेक करून वहीशी ताडाव्या लागतात.

तिसरा सापळा नावांचा आणि मराठीत टाइप करणाऱ्यांना तो जास्त भोवतो. माणसाच्या नजरेला लातूर आणि लातुर हे एकच शहर, एक्सेलला दोन. शब्दाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली तरी तिसरी ओळ तयार होते. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी स्टेडियमचे नाव तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिले की एकाच मैदानाची आकडेवारी तीन ठिकाणी फुटते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाल्यानंतर जुन्या-नव्या हंगामांची यादी जोडताना हीच अडचण येते: एकच प्रतिस्पर्धी दोन नावांनी उभा राहतो. `Opponent` आणि `Venue` या स्तंभांना `Data Validation` लावून ठरलेल्या यादीतूनच नाव निवडायची सोय केली तर हा प्रश्न मुळातच उरत नाही.

यादी तयार झाली की तिच्यात कुठेही क्लिक करून `Ctrl+T` दाबावे, म्हणजे ती एक्सेलचे अधिकृत टेबल होते आणि पुढे जोडलेले सामनेही तिच्यात धरले जातात. मग `Insert` मधून `PivotTable` घ्यावे. त्या खिडकीतला `Data Model` चा पर्याय टिकमार्क न करता सोडावा, कारण तो निवडला तर पुढे लागणारे सूत्र घालता येत नाही. उजवीकडच्या पट्टीतून `Opponent` हे `Rows` मध्ये आणि `Runs` व `Inns` हे `Values` मध्ये ओढले की प्रतिस्पर्धीनिहाय सारांश तयार. सरासरीसाठी मात्र `Summarize Values By` मधला `Average` निवडण्याचा मोह टाळावा. तो धावांना डावांच्या संख्येने भागतो आणि उत्तर येते ३९.६९. क्रिकेटची सरासरी बाद झालेल्या डावांवर काढतात: ६३५ भागिले १४, म्हणजे ४५.३६. त्यासाठी `PivotTable Analyze` मधल्या `Fields, Items & Sets` खाली `Calculated Field` असते. तिथे पुढची दोन सूत्रे वेगवेगळ्या नावांनी घालावीत.

```
=Runs/Out
=Runs/Balls*100
```

या सूत्रांचे वैशिष्ट्य असे की एक्सेल आधी प्रत्येक चौकटीतल्या धावांची आणि बाद डावांची बेरीज करते आणि मग भागाकार करते. म्हणून महिन्यांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढण्याची घोडचूक इथे होत नाही. जिथे फलंदाज एकदाही बाद झाला नाही तिथे `#DIV/0!` दिसते. ती बिघाडाची खूण नाही. एवढ्या माहितीवर सरासरी अस्तित्वातच नाही, असे एक्सेल सांगत असते.

आता महिना घेऊ. एप्रिलमध्ये ६ डावांत १९२ धावा, सरासरी ३२. मेमध्ये एकच डाव, ४ धावा. सप्टेंबरमध्ये ४ डावांत २११, सरासरी ७०.३३. ऑक्टोबरमध्ये ५ डावांत २२८, सरासरी ५७. महिना काढून मैदान ठेवले तर वानखेडेवर ५ डावांत ११७ धावा, सरासरी २३.४ आणि दुबईत तितक्याच डावांत २१५, सरासरी ५३.७५. अबू धाबीची सरासरी तर १४१ दिसते, पण तिथे डाव दोनच आणि बाद एकदाच. या दोन्ही सारण्या वाचल्यावर दोन निष्कर्ष ओठांवर येतात: गायकवाडला वानखेडेची खेळपट्टी मानवत नाही आणि हंगाम पुढे सरकतो तसा त्याचा खेळ बहरतो. दोन्ही निष्कर्ष त्याच सोळा डावांवर उभे आहेत. मग त्यांतला खरा कोणता? याचे उत्तर शोधायला दोन्ही बाबी एकत्र मांडाव्या लागतात: मैदान ओळींत, महिना स्तंभांत आणि चौकटीत धावांऐवजी `Inns` ची बेरीज.

| मैदान | एप्रिल | मे | सप्टेंबर | ऑक्टोबर |
|---|---|---|---|---|
| वानखेडे, मुंबई | ५ | | | |
| दिल्ली | १ | १ | | |
| दुबई | | | १ | ४ |
| शारजा | | | २ | |
| अबू धाबी | | | १ | १ |

वीस चौकटींपैकी बारा रिकाम्या आहेत आणि त्या कुठेही विखुरलेल्या नाहीत. वरच्या उजव्या कोपऱ्यात काहीच नाही, खालच्या डाव्या कोपऱ्यातही काहीच नाही. एप्रिल-मे म्हणजे भारत आणि सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे अमिराती, अशी ही जोडी घट्ट बांधलेली आहे. मैदानामुळे फरक पडला म्हणायचे असेल तर सप्टेंबरमध्ये वानखेडेवर खेळलेला निदान एक डाव हवा होता. महिन्यामुळे म्हणायचे असेल तर एप्रिलमध्ये दुबईत खेळलेला हवा होता. दोन्ही नाहीत. तेव्हा मैदान की महिना, हा प्रश्न या हंगामाला विचारताच येत नाही. सूत्र कितीही चलाख लिहिले तरी हे बदलत नाही, कारण उणीव गणितात नसून मूळ माहितीत आहे. वेगवेगळ्या काढलेल्या दोन सारण्यांत ही उणीव लपून राहिली होती. एकावर एक ठेवल्यावर ती एका नजरेत दिसली.

याच हंगामात एक प्रश्न मात्र नीट विचारता येतो, आणि तेही पिव्हट टेबलच दाखवते. यादीत `Leg` नावाचा आणखी एक स्तंभ घेऊन त्यात भारत किंवा अमिराती असे लिहावे. बाद फेरीचे दोन सामने, म्हणजे १० ऑक्टोबरचा दिल्लीविरुद्धचा आणि १५ ऑक्टोबरचा कोलकात्याविरुद्धचा अंतिम सामना, फिल्टरने बाजूला ठेवावेत. मग ओळींत प्रतिस्पर्धी आणि स्तंभांत `Leg` मांडले की सात प्रतिस्पर्ध्यांच्या चौदाही चौकटी भरलेल्या दिसतात आणि प्रत्येकीत नेमका एकच डाव असतो. साखळीत चेन्नई प्रत्येक संघाशी एकदा भारतात आणि एकदा अमिरातीत खेळली होती. म्हणजे दोन्ही टप्प्यांत समोरचे संघ तेच. पुढच्या टप्प्यात सोपे संघ वाट्याला आले, ही शंका इथे मिटते.

मग ही चौदा चौकटींची सारणी काय सांगते? भारतात एकूण १९६ धावा, अमिरातीत ३३७, म्हणजे १४१ धावांची वाढ. आता ओळी एकेक करून वाचू. राजस्थानविरुद्ध १० वरून नाबाद १०१, मुंबईविरुद्ध ४ वरून नाबाद ८८. या दोन ओळींतच १७५ धावांची वाढ आहे. दिल्लीविरुद्ध ५ वरून १३, पंजाबविरुद्ध ५ वरून १२, बंगळूरविरुद्ध ३३ वरून ३८, या वाढी किरकोळ. कोलकात्याविरुद्ध ६४ वरून ४० आणि हैदराबादविरुद्ध ७५ वरून ४५, ही चक्क घट. राजस्थान आणि मुंबई वगळून उरलेल्या पाच संघांची बेरीज केली तर भारतात १८२ आणि अमिरातीत १४८, म्हणजे ३४ धावा कमीच. तेव्हा दुसऱ्या टप्प्यात त्याचा खेळ सरसकट उंचावला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. दोन फार मोठ्या, नाबाद खेळींनी टप्प्याची बेरीज वर नेली, एवढे म्हणता येते. महिन्याच्या सारणीतली सप्टेंबरची ७०.३३ ही सरासरी वाचून हे कधीच कळले नसते. शंका आली तर त्या आकड्यावर दोनदा क्लिक करावे. एक्सेल नव्या पानावर त्यामागचे मूळ डाव उघडून ठेवते आणि चार डावांपैकी एक ८८ चा आहे हे समोर येते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सोळा डावांसाठी एवढा खटाटोप कशाला, कागदावरही हे जमले असते. एका खेळाडूपुरते हे खरे आहे. पण जिल्ह्याच्या यादीत पंधरा-वीस खेळाडू असतात, आणि मैदान-महिना ही मांडणी मोडून प्रतिस्पर्धी-टप्पा ही मांडणी करायची तर कागदावर प्रत्येकासाठी सगळे पुन्हा लिहावे लागते. तेवढे कष्ट पडणार असतील तर माणूस पहिल्याच सारणीवर थांबतो, आणि पहिली सारणी कशी फसवते ते आपण पाहिले. फील्ड एका जागेवरून दुसऱ्या जागी ओढणे फुकट असल्यामुळेच दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निवड समितीला संघ तर निवडायचाच असतो. आकडे थोडे आहेत म्हणून हात बांधून बसता येत नाही, आणि दोन-तीन डावांवर बोलायचे नाही असे ठरवले तर जिल्हा पातळीवर कधी काही बोलताच येणार नाही. हे मान्य. पण थोड्या डावांवर निर्णय घेणे वेगळे आणि त्या निर्णयाला सिद्ध झालेल्या कारणाचा मान देणे वेगळे. गायकवाडच्या पंजाबविरुद्ध दोन डावांत १७ धावा होत्या. पंजाबविरुद्ध त्याला पुढे खेळवताना गोलंदाजांचा अभ्यास करून घ्यावा, एवढे सुचवायला हे दोन डाव पुरेसे आहेत. तो पंजाबविरुद्ध चालत नाही, असा शिक्का मारायला नाहीत. म्हणून सरासरीच्या शेजारी `Inns` चा स्तंभ नेहमी ठेवावा आणि आधी तो वाचावा.

तिसरा आक्षेप असा की खेळपट्टी, हवा, समोरचा गोलंदाज, संघाची गरज हे सगळे या सारणीत येतच नाही. बरोबर आहे. यादीत जो स्तंभ नाही त्याबद्दल पिव्हट टेबल काहीच सांगू शकत नाही. पण उपाय आपल्याच हातात असतो. खेळपट्टी मॅटिंगची होती की टर्फची, नाणेफेक कोणी जिंकली, सामना सकाळी होता की दुपारी, यांतली एखादी गोष्ट स्कोअररने त्याच दिवशी लिहून ठेवली तर पुढच्या वर्षी तिच्यावर सारणी काढता येते. सहा महिन्यांनी आठवून भरलेला स्तंभ मात्र यादीत नसलेलाच बरा.

हाच हिशेब आता नांदेड-लातूरच्या बाबतीत लावून पाहू. समजा, लातूरचा संघ नांदेडशी हंगामात एकदाच खेळतो आणि तो सामना नांदेडमध्येच होतो. नांदेडमध्ये त्याचा दुसऱ्या कुणाशीही सामना होत नाही. मग लातूरच्या फलंदाजाच्या सारणीत नांदेडविरुद्धच्या धावा आणि नांदेडच्या मैदानावरच्या धावा हा एकच आकडा असेल, दोन नावांनी लिहिलेला. प्रतिस्पर्धी ओळींत आणि मैदान स्तंभांत मांडले की नांदेडच्या ओळीत आणि नांदेडच्या स्तंभातही तीच एक चौकट भरलेली दिसेल. तो फलंदाज नांदेडच्या गोलंदाजीला अडखळला की नांदेडच्या खेळपट्टीला, हे हंगाम संपल्यावर कुणीही सांगू शकणार नाही. नांदेडला लातूरच्या मैदानावर एक परतीचा सराव सामना दिला किंवा नांदेडच्या मैदानावर तिसऱ्या एखाद्या संघाशी एक सामना खेळला, तर मात्र दुसरी चौकट भरते आणि तुलना सुरू होते. त्यासाठी हंगामाचे वेळापत्रक ठरण्याआधी सामन्यांची नुसती यादी एक्सेलमध्ये भरावी, धावांचे स्तंभ मोकळे ठेवावेत आणि `Inns` च्या बेरजेचे एक पिव्हट टेबल काढून पाहावे. हंगामाअखेर कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, ते पहिला चेंडू टाकण्याआधीच दिसेल, आणि तेव्हा चौकट भरायला एक सामना पुरेसा असेल.